कॉलवर इतरांचं बोलणं तोडणाऱ्या सहकाऱ्याला काय सांगायचं?

प्रश्न : पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर टीममध्ये मी टेस्टिंग बघते. आम्ही आठ जण आहोत, निम्मे घरून काम करतात. टीममधला एक सीनिअर डेव्हलपर कॉलवर लोकांचं बोलणं मध्येच तोडतो. तो माझा बॉस नाही, आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो. माझं तो फारसं तोडत नाही, पण एका नव्या मुलीचं आणि नागपूरहून जॉइन होणाऱ्या एकाचं जवळजवळ रोज. माणूस मनाने चांगला आहे, कामात तर फारच. गेल्या आठवड्यात त्या मुलीचं वाक्य अर्धवट राहिलं आणि त्यात रिफंडचा एक बग निसटला. त्याला हे कसं सांगू? नेमकं काय बोलायचं तेच लिहून दिलंत तर बरं होईल.

उत्तर :

संवाद पुढे लिहून देते. पण तो बोलायच्या आधी दोन-तीन कॉल फक्त कान देऊन ऐका, कारण कॉलवर एकाच्या बोलण्यावर दुसऱ्याचं बोलणं चढतं ते दर वेळी माणसामुळेच चढतं असं नाही. मी बरीच वर्षं टीमचे कॉल चालवते आणि कॉल चालवणाऱ्यांना शिकवते. अशा तक्रारींत थोडा वाटा इंटरनेटचा असतो. तो वेगळा काढला नाही, तर समोरचा "नेट स्लो होतं गं" एवढं म्हणून सुटतो, आणि काही वेळा त्याचं खरंही असतं.

समोरासमोर बोलताना एक थांबला की दुसरा साधारण 200 मिलिसेकंदांत सुरू होतो. 2009 साली वेगवेगळ्या दहा भाषांच्या अभ्यासात सरासरी जवळपास एवढीच निघाली. म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. इतक्या बारीक अंतरावर चालणारी गोष्ट आपण इंटरनेटवरून करायला जातो. आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला 150 मिलिसेकंदांच्या आत पोचावा आणि 400 च्या पुढे तर जाऊच नये, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. घरचं वायफाय आणि त्यावर ब्लूटूथ हेडफोन असेल, तर 250 सहज होतात.

आता तुमच्या नागपूरच्या सहकाऱ्याचंच उदाहरण घ्या. सोयीसाठी त्या डेव्हलपरला समीर म्हणू. नागपूरचा माणूस बोलता बोलता श्वास घ्यायला अर्धा सेकंद, म्हणजे 500 मिलिसेकंद थांबला. ती शांतता समीरला 250 मिलिसेकंद उशिरा ऐकू येते. तो आणखी 300 वाट बघतो, आणि समोरचा संपवून बसलाय असं समजून सुरू होतो. तोवर तिकडे 550 झालेले असतात आणि नागपूरकराने 500 लाच पुढचं वाक्य सुरू केलेलं असतं. समीरच्या कानात मात्र ते 750 ला पोचतं. म्हणजे समीरच्या हिशेबाने त्याने पूर्ण शांततेत बोलायला सुरुवात केली आणि समोरचाच मध्ये आला. नागपूरकराच्या हिशेबाने बरोबर उलटं. दोघेही खरं बोलतायत.

हा अपघात ओळखायला सोपा आहे. दोघेही अडखळतात, दोघेही थांबतात, मग "बोल बोल", "नाही, तू बोल" सुरू होतं आणि शेवटी पहिल्याचं बोलणं पूर्ण होतं. हे होत असेल तर समीरशी बोलायचं काही कारण नाही. वायरचा हेडफोन आणि सगळ्यांनी थोडं सावकाश बोलणं एवढ्यावर भागतं.

तुम्हाला ऐकायचंय ते वेगळं. टक्कर झाल्यावर समीर थांबतो की पुढे रेटतो? आणि त्याचं बोलून झाल्यावर विषय पहिल्या माणसाकडे परत जातो, की समीरच्या मुद्द्यावरूनच पुढे सरकतो? तो रेटत असेल आणि विषय परत जात नसेल, तर ते बोलणं तोडणंच आहे. असं झालं की वहीत एक ओळ लिहून ठेवा : कुठला कॉल, कोण बोलत होतं, कुठल्या शब्दावर तुटलं, पुढचं काय राहून गेलं. ही वही त्याच्यापुढे ठेवायची नाही. पुराव्यांची यादी काढली की माणूस वकील होतो. ती तुमच्यासाठी आहे, म्हणजे बोलताना तुमच्याकडे "तू नेहमी असं करतोस" याऐवजी एक ठोस प्रसंग असेल.

ऐकताना आणखी एक बघा. तो मॅनेजरचंही बोलणं तोडतो का? सगळ्यांचंच तोडत असेल तर ती उत्साहाची किंवा घाईची सवय आहे. आपल्याकडे कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर चार जण एकाच वेळी बोलतात आणि कोणाला त्यात अपमान वाटत नाही. एकमेकांची वाक्यं पूर्ण करणं हा तिथे गप्पा रंगल्याचा पुरावा असतो. अशा सवयीचा माणूस कॉलवर तसाच वागतो. पण मॅनेजर बोलताना जो गप्प बसतो आणि फक्त नव्या मुलीच्या वाक्यात घुसतो, त्याला थांबता येतं, तो कुठे थांबायचं ते निवडतो. तेव्हाही पहिलं बोलणं खालच्यासारखंच करा. फक्त "मला कळतच नाही" हे त्याचं उत्तर लगेच पटवून घेऊ नका. बोलणं तोडण्यासोबत टोमणे, किंवा ती मुलगी आहे म्हणून काही शेरे येत असतील, तर हा संवाद त्या कामाचा नाही. ते थेट मॅनेजरकडे न्यायचं.

बोलायला वेळ मागताना मेसेज असा टाका : "समीर, चारनंतर दहा मिनिटं आहेत का? मंगळवारच्या रिलीज कॉलबद्दल बोलायचं होतं. प्रॉडक्शनचं काही नाही." शेवटचं वाक्य विसरू नका. नुसतं "तुझ्याशी जरा बोलायचं होतं" असं आलं, की माणूस चारपर्यंत मनात दहा भांडणं करून येतो. मुख्य बोलणं मात्र लिहून करू नका, आवाजातच करा. लिहिलेलं वाक्य तो पाच वेळा वाचेल आणि प्रत्येक वेळी त्याला ते जास्त कडक वाटेल. दोघंही ऑफिसात असाल त्या दिवशी खाली चहाला गेलात तर उत्तम, पण दोघंच.

आता संवाद. तपशिलात तुमचे खरे प्रसंग घाला. मी रिफंडच्या बगभोवती रचला आहे.

तुम्ही : मंगळवारचा रिलीज कॉल आठवतो? रिफंडचा विषय निघाला होता.

समीर : हो, तो डबल मेसेजचा घोळ. झाला ना फिक्स?

तुम्ही : झाला, पण गुरुवारी. मंगळवारी ती सांगत होती, "रिफंडचा मेसेज दोनदा जातोय, पण..." आणि तिथे तू म्हणालास, "कॅशे क्लिअर कर, होतं तसं." मग आपण पुढच्या तिकिटावर गेलो. तिचं 'पण'च्या पुढचं राहूनच गेलं. पैसे अर्धेच परत केले तरच ते होत होतं, पूर्ण रिफंडला नाही.

समीर : मग सांगायचं ना तिने! मी काय तोंड दाबलं होतं तिचं?

तुम्ही : नाही. पण तू उत्तर दिलंस की नवा माणूस समजतो की विषय संपला. मीही तेच समजले, आणि दोन दिवस पूर्ण रिफंड टेस्ट करत बसले.

समीर : तिने तक्रार केलीय का?

तुम्ही : नाही. मी कॉलवर होते, मी ऐकलं. म्हणून मीच बोलतेय.

समीर : एकदा झालं असेल गं.

तुम्ही : सोमवारी डेटाबेसच्या विषयातही झालं. तो बॅकअपचं सांगत होता, तू इंडेक्सवर गेलास, आणि बॅकअपचं शेवटी ठरलंच नाही.

समीर : अगं, पण तो मुद्द्यावर यायलाच पाच मिनिटं लावतो. कॉल अर्ध्या तासाचा आहे.

तुम्ही : ते खरंय, मलाही कंटाळा येतो. आधी मुद्दा सांग, हे मी त्याला सांगते. तू एवढंच कर : कोणाचं वाक्य चालू असेल तर ते संपू दे, मनात दोन आकडे मोज आणि मग बोल. जमेल?

समीर : प्रयत्न करतो. पण खरं सांगू का, बोलायच्या भरात मला कळत नाही.

तुम्ही : म्हणूनच विचारतेय. पुन्हा झालं तर मी कॉलवर "समीर, एक मिनिट, तिचं होऊ दे" एवढं म्हटलं तर चालेल?

समीर : सगळ्यांसमोर?

तुम्ही : नको असेल तर चॅटवर फक्त तुला एक टिंब पाठवते.

समीर : टिंब पाठव. आणि मी बघितलंच नाही, तर मग बोल तोंडाने.

तुम्ही : ठीक. आणि मी कोणाचं तोडलं तर तूही पाठव.

बोलायला हे चार-पाच मिनिटांचं आहे. त्यातल्या काही जागा अशा आहेत की तिथे थोडं जरी घसरलं तरी सगळं बोलणं घसरतं, म्हणून त्यांच्याबद्दल सांगते.

सुरुवात थेट प्रसंगाने आहे. "राग मानू नकोस, पण..." ने सुरुवात केली की समोरचा राग मानायच्या तयारीनेच पुढचं ऐकतो. आणि "तू कामात एकदम भारी आहेस, पण..." म्हटलं, की ती स्तुती 'पण'ची प्रस्तावना ठरते आणि पुढच्या वेळी तुम्ही खरंच कौतुक केलंत तरी तो 'पण'ची वाट बघतो. मंगळवार, रिफंड, कुठल्या शब्दावर तुटलं. एवढं पुरेसं आहे. डेव्हलपरला बग कसा रिप्रोड्यूस होतो हे सांगितलं की तो ऐकतो, हे तुम्हाला टेस्टर म्हणून मी काय सांगावं.

तक्रारीच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत नाजूक. तुम्ही दुसऱ्यांसाठी बोलताय, त्यामुळे हा प्रश्न येणारच. "सगळ्यांनाच तसं वाटतं" हे उत्तर कधीही देऊ नका. ते ऐकल्यावर तो पुढच्या कॉलवर आठ चेहरे बघून यातलं कोण कोण माझ्याबद्दल बोललं याचा हिशेब करत बसेल, आणि संशय सगळ्यात आधी त्या नव्या मुलीवर जाईल. तिने खरंच काही सांगितलं नसेल तर "नाही" म्हणा. सांगितलं असेल तर खोटंही बोलू नका, कारण ते आज ना उद्या बाहेर येतं. "कोण काय बोललं ते राहू दे, मी स्वतः कॉलवर जे ऐकलं तेवढ्यावरच बोलतेय" असं म्हणा आणि खरंच तेवढ्यावरच बोला. याचसाठी संवादात तुमचं स्वतःचं नुकसान आलं आहे : दोन दिवस चुकीच्या जागी शोधत बसणं. ते आलं की तुम्ही कोणाच्या वकील राहत नाही, तुमचं स्वतःचं काम अडलेलं असतं.

वेळेचा मुद्दा तो हमखास काढेल, आणि त्यात तथ्य असतं. फार बोलणारे लोक टीममध्ये असतात आणि त्यांना आवरायचं काम कोणीच केलं नाही, तर समीरसारखा माणूस ते स्वतःहून, वाईट पद्धतीने करतो. ते नाकारलंत तर तो उरलेलं ऐकणार नाही. मान्य करा आणि तुमच्या हातात असलेली एक गोष्ट द्या. पण ती दिलीत तर पाळावी लागेल. नागपूरकराला पुढच्या कॉलच्या आधी सांगा : "पहिल्या वाक्यात काय ठरवायचंय ते सांग, मग कारणं." हे झालं नाही तर दोन आठवड्यांनी समीर म्हणेल, मी थांबलो, पण पाच मिनिटांची प्रस्तावना तशीच आहे. आणि त्याला उत्तर नसेल.

मागणी एकच आहे आणि ती कानाने तपासता येते : वाक्य संपू दे, दोन मोज, मग बोल. "इतरांचा आदर ठेव", "जरा ऐकून घेत जा" असल्या मागण्या पाळल्या की नाही हे त्यालाही कळत नाही. दोन आकडे मोजायला सांगितले, कारण वरच्या हिशेबात बघा, अर्ध्या सेकंदाचा श्वास त्याला शेवट वाटला होता. सेकंद-दोन सेकंद थांबला तर नेटमुळे होणाऱ्या टकरासुद्धा बऱ्याच कमी होतात.

इथे त्याला एक तांत्रिक गोष्ट सांगितली तर तो माणसावरचा मुद्दा न समजता सहज घेईल. समोरचा लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकत असेल, तर आपला आवाज त्याच्या माइकमधून परत येऊन प्रतिध्वनी होऊ नये म्हणून सॉफ्टवेअर त्या माइकचा आवाज दाबतं. म्हणजे ती मुलगी बोलत असताना समीरने नुसतं "हां, बरोबर" म्हटलं, तरी तेवढ्या वेळातले तिचे दोन-तीन शब्द बाकीच्या सगळ्यांसाठी गायब होऊ शकतात. खोलीत "हां हां" म्हणणं प्रोत्साहन असतं. कॉलवर ते शब्द खातं. मान डोलवावी, किंवा अंगठ्याची खूण टाकावी.

सवय मोडायला मला सगळ्यांत उपयोगी वाटलेली युक्ती म्हणजे म्यूट. स्वतःची बोलायची पाळी नसताना म्यूट राहायचं आणि बोलताना फक्त बटण दाबून धरायचं. झूमवर `Space` दाबून ठेवलं की तेवढाच वेळ माइक चालू राहतो, टीम्सवर `Ctrl+Space`. बटणाकडे हात जायला जो क्षण लागतो, त्यात बरीच वाक्यं आपोआप गळतात. हात वर करायच्या सोयीचं मात्र मला तितकंसं कौतुक नाही. टीम्सवर `Ctrl+Shift+K`, झूमवर `Alt+Y`, मीटवर `Ctrl+Alt+H` दाबलं की हात वर जातो, पण त्याकडे बघायचं काम एका माणसाला नेमून दिलेलं नसेल तर तो हात कॉल संपेपर्यंत वरच राहतो. बोर्ड तुम्ही शेअर करत असाल तर ते काम तुम्हीच घ्या.

संवाद असा सरळ जाईलच असं नाही. काही जण फुगतात : "ठीक आहे, मग मी बोलतच नाही." तिथे समजूत घालत बसू नका, नाहीतर मूळ मागणी विरघळते आणि शेवटी तुम्हीच माफी मागून उठता. "तू बोलायला हवाच आहेस. तिचं वाक्य संपल्यावर," एवढं म्हणा आणि थांबा. दोन दिवस तो खरंच गप्प राहील. तिसऱ्या दिवशी एखाद्या तिकिटावर त्याचं मत मुद्दाम विचारा : "समीर, यात तुला काय दिसतं?" बहुतेक वेळा गाडी तिथे रुळावर येते.

एक मोह टाळा. आपल्याकडे असल्या गोष्टी कॉलवरच हसत हसत सांगायची पद्धत आहे : "अरे समीर, बोलू दे की तिला!" सगळे हसतात, तोही हसतो. त्याला वाटतं गंमत झाली, आणि त्या मुलीला वाटतं आपल्यावरून गंमत झाली. आधी एकट्यात ठरलेलं असेल तेव्हाच कॉलवर तोंडाने अडवा, आणि अडवल्यावर लगेच मूळ माणसाचं नाव घेऊन तुटलेला शब्द परत द्या : "तू म्हणत होतीस, दोनदा जातोय, पण... पुढे?" नुसतं "हां, बोल" म्हटलं तर नवीन माणूस गोंधळून "नाही, काही नाही, झालं माझं" म्हणतो.

पहिल्या आठवड्यात तो विसरणारच. टिंब पाठवत राहा, टिंबासोबत शब्द नको. तो मध्येच थांबून "सॉरी, तू बोल" म्हणाला, तर नंतर एकट्यात "मघाशी थांबलास, बरं झालं" एवढं पुरे. कॉलवर टाळ्या नकोत. तीनेक आठवड्यांत काहीच हललं नाही, तर कॉल जो चालवतो त्याच्याकडे जा. पण समीरचं गाऱ्हाणं घेऊन नको, कॉलची रचना बदलायला सांगा : प्रत्येक तिकिटावर आधी ज्याने ते टेस्ट केलं तो दोन मिनिटं बोलेल, मग बाकीचे. सगळ्यांना लागू असलेला नियम पाळताना समीरला कमीपणा वाटत नाही. तोही नियम तो मोडत राहिला, तर मात्र नाव घेऊन मॅनेजरशी बोला, आणि त्याच्याशी आधी काय ठरलं होतं तेही सांगा.

आणि त्या नव्या मुलीला "मी तुझ्यासाठी त्याच्याशी बोलले" असं सांगायला जाऊ नका. पुढच्या कॉलवर समीर थांबला, तर तो तुमच्यामुळे थांबला हे तिला कळायची गरज नाही. तिला सांगायचंच असेल तर एवढं सांगा, की 'पण'च्या पुढचं राहिलं तर कॉल संपायच्या आत तिकिटावर एक ओळ लिहून टाकत जा.